मिनिमम नक्की कशाचं? हजार मीटरच्या अटीतून १४० मीटर कापड कसं काढायचं

आजचा विषय गेल्या महिन्याभरात सगळ्यात जास्त मेसेज आलेला आहे. स्वतःचं छोटं कपड्यांचं लेबल आहे, इन्स्टावर विक्री होते, एका डिझाइनचे साठ-सत्तर पीस जातात. आणि मिलला फोन केला की पलीकडून पहिलं वाक्य येतं, "मॅडम, हजार मीटर मिनिमम." फोन बंद. मग पुन्हा बाजारात जाऊन जे कापड मिळेल ते घ्यायचं, आणि तेच कापड पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तीन लेबलांच्या पेजवर दिसतं.

माझी नोकरी सॉफ्टवेअरची, पण बहिणीच्या लेबलचे सोर्सिंगचे हिशोब माझ्याकडे असतात. त्यामुळे आज तत्त्वज्ञान नाही, एकच केस घेऊ आणि शेवटपर्यंत जाऊ.

केस अशी. फुल बाह्यांचे ८० शर्ट करायचेत, एकच रंग, समजा गंजलेल्या लोखंडासारखा विटकरी. कापड सुती, ५८ इंच पन्ना. एका शर्टाला साधारण १.६ मीटर लागतं, म्हणजे १२८ मीटर. धुतल्यावर आटणं, डागाळलेला भाग, एक-दोन सॅम्पल हे धरून १४० मीटर. मिल म्हणते हजार. १४० आणि हजार यांच्यात भांडण लावून उपयोग नाही. आधी हे बघायचं की हा हजार आला कुठून.

मिनिमम तीन ठिकाणी बसलेलं असतं

पहिली जागा म्हणजे माग. इचलकरंजी किंवा भिवंडीच्या यंत्रमागावर कापड विणायचं तर आधी उभ्या धाग्यांचा, म्हणजे ताण्याचा बीम तयार होतो. वार्पिंग होतं, मग सायझिंगमध्ये धाग्याला खळ चढते. आता ५८ इंचाच्या कापडात इंचाला ८० धागे धरा, म्हणजे साडेचार हजारांहून जास्त उभे धागे झाले. बीम बदलताना कापड तेच असेल तर जुन्या धाग्याला नवा धागा गाठ मारून जोडता येतो. पण कापडाचा प्रकार बदलला तर वहिफणी नव्याने करावी लागते, एकेक धागा ओवून. हे काम १४० मीटरसाठी केलं काय आणि दोन हजार मीटरसाठी केलं काय, मेहनत तीच. सायझिंगवाला तर शंभर-दोनशे मीटरसाठी खळीची कढई तापवणारच नाही.

दुसरी जागा म्हणजे रंगणी. प्रोसेस हाऊसमध्ये कापड रंगवायचं मशीन ठराविक मापाचं असतं. ते अर्धं भरलं तरी वाफ लागते, माणूस लागतो, आधीचा रंग निघावा म्हणून मशीन धुवावं लागतं. म्हणून तिथला आकडा असतो 'एका रंगाला इतके मीटर'.

तिसरी जागा म्हणजे ऑफिस. चलान, बिल, लॅब डिप, दहा फोन, "मॅडम, रंग थोडा लाल वाटतोय का" हे सगळं छोट्या ऑर्डरला मोठ्या ऑर्डरइतकंच लागतं, कधी कधी जास्तच. त्यामुळे कित्येकदा मशीनची काहीच अडचण नसते, फक्त सेल्सवाल्याला नवखी पार्टी टाळायची असते. तोही आकडा 'मिनिमम' म्हणूनच सांगितला जातो.

हे तीन आकडे वेगळे असतात, पण फोनवर आपल्याला त्यातला सगळ्यात मोठा ऐकू येतो. म्हणून "कमी करा ना" असं म्हणायच्या आधी विचारायचा प्रश्न हा:

"शेठ, तुमचं मिनिमम कशावर आहे? बीमवर, की रंगाच्या लॉटवर?"

या एका प्रश्नाने दोन गोष्टी होतात. समोरच्याला कळतं की हिला काम माहिती आहे. आणि उत्तरातून पुढची वाट दिसते. उत्तर असं आलं समजा: "ग्रे तर आमच्याकडे चालूच असतं, पण रंगाला तीनशे मीटरखाली मशीन लावत नाही." बघा, हजाराचे तीनशे झाले, आणि आपण अजून घासाघीस सुरूही केली नाही. ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं, न रंगवलेलं कोरं कापड. ते चालू मालातलं असेल तर मागाचं मिनिमम आपल्या डोक्यावरून गेलं. दुसऱ्या कोणाच्या ऑर्डरने ते आधीच भरलंय.

उलट उत्तर "हे कापड आम्ही खास विणतो, बीमच लावावा लागेल" असं आलं, तर तिथे १४० मीटरचा हट्ट सोडायचा. तिथे अडचण खरी आहे. पुढचा प्रश्न मग, "चालू मालात याच्या जवळचं काय आहे? तेच दाखवा."

दोन भाव विचारा, खरा खर्च काढा

आता आपण तीनशेवर आलो, आणि गरज १४० ची. इथे बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एकतर तीनशे मीटर उचलतात आणि १६० मीटर घरात कपाटावर पडून राहतं, किंवा सोडून देतात. तिसरा रस्ता म्हणजे सेटिंगचा खर्च वेगळा काढून तो उघडपणे द्यायचा.

तो खर्च मिल स्वतःहून सांगत नाही. पण दोन वेगवेगळ्या मात्रांचा भाव विचारला तर आपल्याला काढता येतो. आकडे मी हिशोबासाठी धरतोय, तुमचे वेगळे येतील.

हजार मीटरला भाव १७० रुपये, म्हणजे एकूण १,७०,०००.
तीनशे मीटरला भाव १९८ रुपये, म्हणजे एकूण ५९,४००.

दोन्हींतला फरक १,१०,६०० रुपये, आणि मीटरचा फरक ७००. भागाकार केला की १५८ रुपये येतात. हा झाला वाढत्या प्रत्येक मीटरचा खर्च: कापड, रंग, नफा धरून. आता तीनशे मीटरचे १५८ ने ४७,४०० होतात, आणि मिल मागतेय ५९,४००. वरचे १२,००० रुपये म्हणजे एकदा मशीन लावण्याचा खर्च. मीटर कितीही असो, तो तेवढाच.

मग १४० मीटरचा न्याय्य भाव किती? १४० गुणिले १५८, म्हणजे २२,१२०. त्यात १२,००० मिळवा. ३४,१२०. मीटरला जवळपास २४४ रुपये.

ऐकायला महाग वाटतं. पण शर्टावर आणून बघा. ३४,१२० भागिले ८०, म्हणजे शर्टामागे सुमारे ४२७ रुपये कापड. तीनशे मीटर उचललं असतं तर खिशातून ५९,४०० गेले असते, शर्टामागे ७४३ रुपये, आणि १६० मीटर विटकरी कापड उरलं असतं. ते कधी विकलं जाईल याची खात्री नाही. मोठ्या ब्रँडला हजार मीटरच्या भावाने तोच शर्ट २९८ रुपयांच्या कापडात पडतो. म्हणजे छोटी मात्रा असण्याची आपली खरी किंमत शर्टामागे सुमारे १२९ रुपये. आता प्रश्न सोपा झाला: आपला शर्ट विक्रीच्या किमतीत हे १२९ रुपये झेलू शकतो का? १,८०० ला विकणारा झेलेल. ६९९ ला विकणाऱ्याने बाजारातला तयार रंगच घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

हा हिशोब हातात घेऊन मग फोन करायचा. बोलणं साधारण असं होतं.

"शेठ, मला १४० मीटर हवंय. तीनशेचा भाव तुम्ही १९८ दिलात. मी २४० ने घेते, तुमचा मशीन लावायचा खर्च सुटतो. पैसे अर्धे ऑर्डरला, अर्धे माल निघताना."

"मॅडम, एवढ्याशासाठी मशीन अडकतं."

"म्हणूनच तारीख तुमच्यावर सोडते. या रंगाच्या जवळपासचा लॉट ज्या दिवशी लागेल, त्याच्या मागे माझा लावा. तीन आठवडे थांबते."

इथे तीन गोष्टी दिल्या आहेत: वाढीव भाव, रोख पैसे आणि वेळ. कापडधंद्यात मोठी पार्टी बिलाचे पैसे महिना-दोन महिन्यांनी देते, त्यामुळे रोखीला वजन आहे. वेळेला तर त्याहून जास्त. गडद विटकरीच्या आधी मशीनवर तपकिरी किंवा लाल गेलेला असेल तर धुण्याचं काम कमी. तोच विटकरी पांढऱ्या किंवा फिक्या मालाच्या मध्ये घुसवायचा म्हटलं तर कोणीही नाही म्हणेल.

आणि एक गोष्ट करायची नाही: "पुढच्या वेळी दोन हजार मीटरची ऑर्डर देईन." हे वाक्य त्या माणसाने त्या आठवड्यात पाच जणांकडून ऐकलेलं असतं. त्यापेक्षा मागच्या दोन ऑर्डरची बिलं व्हॉट्सअॅपवर पाठवा.

या हिशोबाला एक मर्यादा आहे, ती लक्षात ठेवा. मशीनला स्वतःचं शारीरिक मिनिमम असतं. जिगर मशीनमध्ये कापड उलगडलेल्या पन्न्याने एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जातं, तिथे दोन्ही टोकांना फालतू कापड जोडून छोटा लॉट निघू शकतो. पण जेट किंवा सॉफ्ट-फ्लो मशीनमध्ये कापडाचा दोर गोल फिरतो. दोर फारच छोटा असला तर तो नीट फिरत नाही, आणि पाणी-कापडाचं प्रमाण बदलल्यामुळे ठरलेला रंगच हुकतो. म्हणून विचारा, "जिगरवर काढणार की जेटवर?" जेटवाल्याने नाही म्हटलं तर तो खोटं बोलत नाहीये. जिगरवाला शोधा.

रंग एक, कपडे दोन

घासाघीस न करता मात्रा वाढवायचा एक मार्ग डिझाइनच्या टेबलावरच असतो. छोटी लेबलं हमखास काय करतात, एक शर्ट आणि त्याचे चार रंग. मिलच्या नजरेतून हे सगळ्यात वाईट. चार रंग म्हणजे चार वेळा ते १२,०००. त्याऐवजी एक रंग आणि दोन कपडे करा, शर्ट आणि त्याच कापडाचा ड्रेस किंवा को-ऑर्ड सेट. १४० आणि १६०, झाले तीनशे. मिनिमम भरलं, भाव १९८ वर आला, आणि कपाटावर काही उरलं नाही.

रंगच वेगवेगळे हवे असतील तर आणखी एक वाट आहे, आणि ती थेट मागाकडे जाते. ताणा बदलणं महाग, पण बाणा म्हणजे आडवा धागा बदलणं स्वस्त. तो कोनवरून येतो, कोन बदलला की झालं. त्यामुळे मागावर पांढरा ताणा चालू असेल, तर त्याच बीमवर निळा बाणा घालून फिका निळा शॅम्ब्रे निघतो, विटकरी बाणा घातला तर विटकरी छटा. आपल्या १४० मीटरला सूत तरी किती लागतं? ४० नंबरचं सूत, इंचाला ६० बाणे धरले तर साधारण आठ किलो. वाया जाणारं धरून नऊ-दहा. एवढे रंगीत कोन सुताच्या व्यापाऱ्याकडे सुटे मिळू शकतात. मागवाल्याला म्हणायचं, "तुमचा हा बीम संपत आला की शेवटचे दीडशे मीटर माझ्या बाण्याने काढून द्या, बाणा मी आणून देते." रंगणीचा लॉटच नाही, त्यामुळे त्याचं मिनिममही नाही. फक्त रंग पक्का आहे का ते आधी बघा. ओल्या पांढऱ्या रुमालाने सूत घासा. रुमाल रंगला तर ते कोन घेऊ नका, धुतल्यावर पांढरा ताणाही रंगेल.

छोट्या लॉटमध्ये काय बिघडतं

छोट्या लॉटवर चुकायला जागा कमी असते. हजार मीटरवाल्याचे वीस मीटर खराब झाले तर त्याला कळतही नाही. आपले वीस गेले तर बारा शर्ट गेले.

पहिलं म्हणजे मात्रा. मिलच्या ऑर्डरमध्ये मात्रा थोडी कमी-जास्त होण्याची सूट गृहीत असते. समजा ती दहा टक्के. आपल्याला १४ मीटर कमी आलं तर आठ शर्ट कमी झाले. आणि त्या रंगाचं कापड पुन्हा मिळणार नाही, कारण दुसरा लॉट थोडा वेगळाच येतो. म्हणून ऑर्डरमध्ये लिहून घ्यायचं: १४० च्या खाली नाही, वर पाच टक्क्यांपर्यंत चालेल. आणि ताके २० मीटरपेक्षा छोटे नकोत. नाहीतर सात-आठ मीटरचे तुकडे येतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला कापड वाया जातं.

दुसरं म्हणजे रंगातला फरक. जिगरवर ताक्याच्या सुरुवातीचा आणि शेवटचा रंग वेगळा येऊ शकतो. काठाचा आणि मधला पण. कटिंग करायच्या आधी प्रत्येक ताक्याच्या दोन्ही टोकांची पूर्ण पन्न्याची पट्टी कापा. मग काठ मध्यभागाला लावून बघा, सुरुवात शेवटाला लावून बघा. एकदा खिडकीच्या उजेडात, एकदा ट्यूबलाइटखाली. फरक दिसला तर मालकाला लगेच फोटो आणि पट्टी पाठवा. कात्री लागल्यावर कोणीच तक्रार ऐकत नाही. फरक अगदी किंचित असेल तर कटिंग मास्तरांना सांगा की एका शर्टाचे सगळे भाग एकाच थरातून काढा आणि थरांना नंबर टाका. मग बाही आणि पाठ वेगळ्या रंगाची दिसत नाही.

तिसरं म्हणजे आटणं. कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन काढा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. लांबी ४८.५ आली तर तीन टक्के आटलं. पॅटर्नमध्ये तेवढी वाढ धरा, किंवा कापड आधी धुवून घ्या.

बटणं आणि लेबलं: इथे लढाई वेगळी

आता ट्रिम्स. इथे लोक कापडाइतक्याच जोराने भांडतात, आणि बहुतेक वेळा ते भांडण फुकट असतं.

बटणं घ्या. पुढे सात, कफला दोन, एक जादा, म्हणजे शर्टाला दहा. ८० शर्टांना ८००. बटणं ग्रोसने मिळतात, एक ग्रोस म्हणजे १४४ नग. सहा ग्रोस घेतले की ८६४ झाले. स्टॉकमधल्या रंगात सहा ग्रोस कुठलाही होलसेलवाला देईल, पुण्यात रविवार पेठेत गेलात तरी. अडचण येते ती "माझ्या कापडाला अगदी मॅच करून द्या" म्हटल्यावर. कारण मग बटणांचाही रंगाचा लॉट आला, आणि त्याचं मिनिमम आलं. म्हणून मॅचिंगचा हट्ट सोडा. विटकरी शर्टाला शिंपल्यासारखं पांढरट किंवा शिंगासारखं तपकिरी बटण चालतं, आणि तेच पुढच्या निळ्या शर्टालाही चालतं. सहाऐवजी वीस ग्रोस घेतले तरी ते पुढे वापरले जातात. चेनचंही तसंच, शेड कार्डातला स्टॉक रंग घ्या.

विणलेलं लेबल बघा. समजा हजार नगांचं मिनिमम, अडीच रुपये नग, म्हणजे २,५००. तुम्ही हुज्जत घालून तीनशे करून घेतले आणि भाव झाला सहा रुपये, म्हणजे १,८००. वाचले सातशे रुपये, आणि पुढच्या वेळी परत तोच फोन. इथे मिनिमम सरळ घेऊन टाका. फक्त एक काळजी घ्या: मुख्य लेबलवर असं काहीही विणू नका जे बदलेल. साइज नाही, एमआरपी नाही, कापडाचा प्रकार नाही, धुण्याच्या सूचना नाहीत, सीझनचं नाव तर नाहीच. फक्त ब्रँडचं नाव. बदलणारी माहिती छापील सॅटिनच्या छोट्या लेबलवर, ती कमी नगांत छापून मिळते. मग ते हजार लेबल पुढच्या बारा डिझाइनना पुरतात.

म्हणजे फरक असा. उरलेलं १६० मीटर विटकरी कापड म्हणजे ३१,६८० रुपये अडकले, आणि ते फक्त एका रंगाच्या एका सीझनचं. उरलेली ९२० लेबलं म्हणजे २,३०० रुपये, आणि ती कधीही लागतात. जोर कुठे लावायचा हे त्यावरून ठरवा.

या आठवड्यात एवढंच करून बघा. तुमच्या सध्याच्या एखाद्या सप्लायरला दोन वेगळ्या मात्रांचे भाव विचारा, वजाबाकी-भागाकार करा आणि मशीन लावायचा खर्च काढा. आकडे कमेंटमध्ये टाका, सप्लायरचं नाव न लिहिता. कुठे आकडा विचित्र आला, म्हणजे खर्च शून्य किंवा उणे निघाला, तर समजा की एक भाव नुसता फोनवर अंदाजाने फेकलेला आहे. तो पुन्हा लेखी मागवा.

पुढच्या भागात कटिंग मास्तर आणि शिलाईचे रेट. तिथेही मिनिमम असतं, पण ते माणसांचं असतं. भेटू.